अळणी जेवण, बीपीची गोळी आणि सोडियम १२१: पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात एप्रिल-मे महिन्यात "आजीचं सोडियम कमी झालंय" हे वाक्य ऐकू येतंच. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. ऊन निमित्त असतं, पण बहुतेकदा तयारी आधीच झालेली असते. साधारण ऐंशी वर्षांतले वेगवेगळे सल्ले आणि गोळ्या एकाच म्हाताऱ्या देहात थरावर थर साचलेले असतात. नवा थर आला म्हणून जुना कुणी काढलेला नसतो.

अनेक पेशंटांवरून बेतलेलं एक उदाहरण घेऊ. गेवराईकडच्या एका गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी. तीन दिवस जुलाब, मग बडबड आणि गुंगी. सोडियम १२१ (हवं १३५ ते १४५), पोटॅशियम ६.१ (हवं साडेतीन ते पाचच्या आसपास), मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन १.८. सुनेनं आणलेल्या पिशवीत टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली बीपीची गोळी, हृदय कमजोर झाल्यानं अंगावर येणाऱ्या सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन, आणि गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्यानं दिलेली डायक्लोफेनॅक. जेवण चार वर्षांपासून अळणी.

या अळणीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण तो सगळ्यात जुना थर. १९४० च्या दशकात वाढलेल्या रक्तदाबावर चांगलं औषध नव्हतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी भात आणि फळांवर, जवळजवळ मिठाशिवाय पेशंट ठेवले आणि काहींचा रक्तदाब खरोखर उतरला. मीठ तोडणं हाच त्या काळी मोठा उपाय होता. पुढे औषधं आली, पण सल्ला गेला नाही. मीठ बेतानं खाण्याला कुणाची हरकत नाही. आपल्याकडे मात्र "मीठ कमी करा" याचं घरी पोचेपर्यंत "मीठ बंद" होतं, आणि म्हातारं माणूस वरण-ठेचा सोडून चहा-बिस्किटं आणि पेजेवर येतं. जादा पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला मीठ आणि प्रथिनांतून तयार होणारा युरिया लागतो. दोन्ही कमी असताना उन्हाळ्यात तांब्यामागून तांब्या पाणी प्यालं, तर ते अंगातच राहतं आणि सोडियम पातळ होतं. म्हणून डबा पाहताना "किती मीठ" एवढंच विचारून भागत नाही. डाळ, अंडं, दूध किती पोटात गेलं आणि पाणी किती, तेही लिहावं लागतं.

दुसरा थर १९५० च्या दशकाच्या अखेरचा. क्लोरोथायझाइड आलं आणि लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी गोळी मिळाली. क्लोरथॅलिडोन तिचंच भावंड. औषध उत्तमच. पण या गोळीनं लघवी पुरेशी पातळ करण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते, आणि हा फटका वयस्क, किरकोळ अंगाच्या बायकांना जास्त बसतो. बहुधा गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, पण वर्षानुवर्षं पचलेली गोळीही एखाद्या जुलाबानं उलटते. म्हणून गोळीच्या नावासमोर ती कधी सुरू झाली आणि डोस कधी वाढला, ही तारीख हवीच. १९५७ सालीच श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन पेशंटांत शरीर विनाकारण पाणी धरून ठेवतं, हे दाखवलं. सोडियम कमी म्हणजे मीठच कमी, असं नसतं; पाणी जास्त असण्याचीही तितकीच शक्यता असते.

तिसरा थर पोटॅशियमचा. १९९९ मध्ये रेल्स नावाच्या चाचणीत, हृदय फारच कमजोर झालेल्या पेशंटांत स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. डोस लहान होता, आणि मूत्रपिंड फार बिघडलेले पेशंट चाचणीत घेतलेच नव्हते. बाहेरच्या जगात ही अट गळून पडली. कॅनडातल्या ओंटारिओमधली आकडेवारी २००४ मध्ये छापून आली: हृदय कमजोर झालेल्या वयस्क पेशंटांत पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं. आजींच्या पिशवीत तर पोटॅशियम अडवणाऱ्या तीन गोष्टी एकत्र होत्या: टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डायक्लोफेनॅक. त्यात जुलाबानं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आटलेला. भरीला घरच्यांनी आजारी माणसाला द्यायचं म्हणून नारळपाणी दिलं, आणि बीपीला चांगलं म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी मूत्रपिंडाला एका शहाळ्यानं काही होत नाही, इथे मात्र बाहेर पडायची वाट बंद होती. (लघवीच्या जंतुसंसर्गावर दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोलही पोटॅशियम वाढवतं, आणि म्हाताऱ्यांना ते सर्रास मिळतं.)

हे आकडे रोजच्या रोज कळणं हीसुद्धा फार जुनी सोय नाही. १९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर येईपर्यंत सोडियम-पोटॅशियम मोजणं हे किचकट रासायनिक काम होतं. एक अडचण मात्र यंत्र बदललं तरी राहिलीच: नमुना काढताना मूठ फार आवळली किंवा रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं चढतं. सिरम लालसर दिसलं तर नमुना पुन्हा पाठवायचा. त्याची वाट बघत ईसीजी मात्र लांबवायचा नाही. आजींच्या ईसीजीत टी लहर उंच, टोकदार होती, त्यामुळे डॉक्टरांनी लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि साखरेवर लक्ष ठेवलं. चारही गोळ्या-घटक थांबवले, नारळपाणी आणि ते मीठ बंद केलं.

सोडियमची गोष्ट उलटी, तिथे घाई नडते. १९५९ मध्ये मेंदूच्या पॉन्स भागातल्या मज्जातंतूंवरच्या आवरणाचा नाश प्रथम वर्णिला गेला, दारूच्या आणि कुपोषणाच्या पेशंटांत. कारण पुढे उमगलं. १९८६ मध्ये स्टर्न्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा पेशंटांचं सोडियम दिवसात १२ पेक्षा जास्त चढवलं गेलं होतं. आज जोखमीच्या पेशंटात चोवीस तासांत आठच्या वर जाऊ नये असं धरतात. पोटॅशियम कमी असलेले, कुपोषित आणि यकृताचे रोगी या जोखमीत येतात.

आजींना सलाईन म्हणून ०.९ टक्के सोडियम क्लोराइड लावलं. बाटलीवरचं नाव चार्टवर उतरवणं इथे गरजेचं, कारण नातेवाइकांच्या तोंडी डेक्स्ट्रोजची बाटलीही सलाईनच असते, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज अंगात गेल्यावर निव्वळ पाण्यासारखं वागतं. सकाळी आठला सोडियम १२१, पोटॅशियम ६.१. दुपारी दोनला १२३ आणि ५.६. रात्री आठला १२७ आणि ५.१. नुसता रात्रीचा आकडा पाहिला तर सगळं छान. पण शेवटच्या सहा तासांत चारची चढ होती, आणि लघवी तासाला ४० मिलीवरून १८० वर गेली होती. अंगातलं पाणी भरून निघालं, की पाणी धरून ठेवण्याचा इशारा थांबतो, पातळ लघवी धो धो येते आणि सोडियम आपणहून वर पळतं. सिस्टरनी तासाची लघवी लिहिली होती म्हणून हे रात्रीच दिसलं. डॉक्टरांनी सलाईन थांबवलं, पाच टक्के डेक्स्ट्रोज मोजून दिलं आणि चार तासांनी पुन्हा तपासलं. सकाळी आठला १२८, म्हणजे दिवसभरात सात, पोटॅशियम ४.८. तिसऱ्या दिवशी १३२, आणि आजींनी सुनेला नावानं हाक मारली.

चार्टवर एकाच ओळीत वेळ, दोन्ही आकडे, क्रिएटिनिन, आत गेलेलं, बाहेर आलेलं, वजन आणि त्या वेळी काय बदललं हे आलं, तर राउंडला कारण आणि परिणाम शेजारी दिसतात. "सोडियम करेक्शन चालू" एवढं लिहिलेल्या फाइलीतून हे काही वाचता येत नाही.

डिस्चार्ज कार्डावर बीपीची क्लोरथॅलिडोनशिवायची गोळी आली, तीही क्रिएटिनिन उतरल्यावर. डायक्लोफेनॅक कायमची बंद, स्पायरोनोलॅक्टोन पुढच्या तपासणीपर्यंत थांबवलेली, आणि प्रत्येकीसमोर कारण मराठीत. जेवणात साधं मीठ बेतानं, वरण रोज. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आठवड्यानं तालुक्याला तपासायचं, आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यायचा.