मेल उघडल्याची चुगली करणारा ठिपका

मागच्या वर्षी एका ऑनलाइन कोर्सवाल्यांची मेल मी रात्री पावणेबाराच्या सुमाराला उघडली, दोन ओळी वाचल्या आणि झोपलो. सकाळी दहाला फोन आला, "सर, काल रात्री आमची मेल बघितलीत ना? मग काय ठरवलंत?" मी उत्तर दिलं नव्हतं की कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. मग यांना कळलं कसं?

रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीवर आपण निदान सही तरी करतो. इथे पोचपावती आपल्या नकळत परस्पर गेली होती.

मेलमध्ये दिसणारी चित्रं बहुतेक वेळा मेलमध्ये नसतातच. मेलमध्ये असतो तो फक्त चित्राचा पत्ता. आपण मेल उघडली की मेलचं अ‍ॅप त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे चित्र मागतं, ते येतं आणि मगच दिसतं. त्या मेलचा मजकूर मी उकरून पाहिला, तर अगदी तळाशी अशा धाटणीची ओळ होती (पत्ता आणि खुणा इथे बदलल्या आहेत):

```
<img src="https://t.example.com/o.gif?m=482&u=7f3a91c" width="1" height="1">
```

एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, बहुधा पारदर्शक. असली जीआयएफ फाइल जेमतेम 43 बाइटची असते. तिच्यात बघण्यासारखं काही नाही, कारण ती बघण्यासाठी नसतेच. `m` म्हणजे कोणती मेल आणि `u` म्हणजे कोणता माणूस. तीच मेल दहा हजार जणांना गेली असेल, तर `u` पुढची अक्षरं दहा हजार वेगवेगळी असतात. माझ्या अ‍ॅपने चित्र मागितलं त्या क्षणी तिकडच्या नोंदवहीत अशी ओळ पडली असणार:

```
203.0.113.25 [14/Mar/2024:23:41:07 +0530] "GET /o.gif?m=482&u=7f3a91c" 200 43
```

पहिला आकडा आयपी पत्ता. त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतो, मोबाइल इंटरनेट असेल तर तो बऱ्याचदा चुकतोही. पुढे सेकंदापर्यंतची वेळ आणि माझी खूण. शिवाय अ‍ॅप किंवा ब्राउझर स्वतःची ओळखही सांगतो. म्हणजे चुगली मेल करत नाही, चित्र मागणारं आपलंच अ‍ॅप करतं.

म्हणूनच उपायही साधा आहे: चित्र मागायचंच नाही. मागणी गेली नाही तर नोंद पडत नाही आणि पाठवणाऱ्याला ती मेल न उघडलेलीच दिसते. फक्त एक पिक्सेलवाली चित्रं अडवून मात्र भागत नाही. वर झळकणाऱ्या कंपनीच्या लोगोच्या पत्त्यातही तीच `u` खूण चिकटवता येते, आणि लोगो काही पारदर्शक नसतो. त्यामुळे बाहेरून येणारी सगळीच चित्रं रोखावी लागतात. थंडरबर्ड नावाचं मेलचं अ‍ॅप हे मुळातच करतं. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या General भागात Images पुढे "Ask before displaying external images" निवडायचं. मेल जरा ओकीबोकी दिसते खरी. एखाद्या मेलची चित्रं हवीच असतील तर तेवढ्यापुरती मागवता येतात. पण ते बटण दाबलं की पोचपावती गेलीच म्हणून समजा.

"पण जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं ना?" हो, 2013च्या डिसेंबरपासून. त्यामुळे तुमचा आयपी पत्ता लपतो. पण गूगलचा सर्व्हर ते चित्र आणायला जातो तो तुम्ही मेल उघडल्यावर, आणि पत्त्यात तुमची खूण तशीच असते. माणूस कुठे आहे ते कळलं नाही, तरी मेल उघडली हे कळतंच. अ‍ॅपलने 2021मध्ये आयओएस 15 बरोबर याच्या उलट चाल खेळली. त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये संरक्षण चालू केलं, की तुम्ही मेल उघडा न उघडा, चित्रं मधल्या सर्व्हरमार्फत आधीच मागवली जातात. पाठवणाऱ्याला सगळ्याच मेल उघडलेल्या दिसतात, म्हणजे त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. मला ही युक्ती जास्त खट्याळ वाटते.

चित्रं अडवूनही एक वाट मोकळी राहते, ती लिंकची. मेलमधली लिंक बरेचदा आधी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर नेते, तिथे खूण नोंदवते आणि मग खऱ्या पानावर सोडते. त्यावर चित्रांच्या सेटिंगचा काही परिणाम होत नाही.

स्वतः शोधायचं असेल तर संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून "Show original" घ्या आणि `<img` शोधा. कधीकधी `=` च्या जागी `=3D` दिसतं आणि ओळी मध्येच तुटलेल्या असतात. मेल पाठवताना मजकूर असा बांधला जातो, त्याने गोंधळू नका. सगळाच मजकूर अगम्य अक्षरांचा दिसला, तर तो बेस64मध्ये गुंडाळलेला आहे, आधी उलगडावा लागेल.

चित्रं बंद केल्यावर त्याच कोर्सवाल्यांच्या आणखी चार मेल आल्या, चारही मी वाचल्या. मग एक दिवस फोन आला, "सर, आमच्या मेल तुम्हाला मिळतात ना?"