उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरासाठी अग्निशमन दलाचा दाखला : पात्रता, कागदपत्रे आणि तपासणीची तयारी

महाराष्ट्रात हॉटेल, खानावळ, केटरिंगचे स्वयंपाकघर किंवा क्लाउड किचन सुरू करताना अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हा दाखला एकदा मिळवून भिंतीवर लावण्यापुरता नसतो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ याच्या कलम ३ नुसार आगीपासून संरक्षणाची साधने बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणारा. त्यामुळे गाळा भाड्याचा असला तरी ‘ते मालक बघतील’ असे हॉटेलचालकाला म्हणता येत नाही.

या कायद्यात दोन नमुने महत्त्वाचे आहेत. साधने नियमांप्रमाणे बसवली आहेत, असे परवानाधारक अभिकरण म्हणजे लायसन्स्ड एजन्सी नमुना ‘अ’ मध्ये प्रमाणित करते. तीच साधने सुस्थितीत आहेत, असे प्रमाणपत्र नमुना ‘ब’ मध्ये दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. बोलीत त्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात. एजन्सीचा परवाना संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांनी दिलेला असावा लागतो. तो चालू आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. स्वयंपाकघरात पाऊल न टाकता व्हॉट्सॲपवर बी फॉर्म पाठवणारेही भेटतात. असा कागद दुर्घटनेनंतरच्या चौकशीत हॉटेलचालकाच्या बाजूने नव्हे, तर विरुद्ध उभा राहतो.

जागा पात्र आहे का

अर्जाआधी जागेचा मंजूर वापर तपासावा. मंजूर नकाशात गाळा निवासी किंवा गोदाम असेल, पोटमाळा अनधिकृत असेल, किंवा मागचा दरवाजा बंद करून तिथे भांडी घासण्याची मोरी केली असेल, तर अग्निशमन साधने कितीही आणली तरी अर्ज अडकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात सिलिंडर ठेवता येत नाहीत. गळती झाल्यास गॅस तिथेच साचतो.

यानंतर सिलिंडरचा हिशेब करावा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एका जागेत १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला स्वतंत्र परवाना लागत नाही. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, म्हणजे पाच सिलिंडर ९५ किलोंत बसतात आणि सहावा येताच साठा ११४ किलो होतो. मग पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा, म्हणजे ‘पेसो’चा परवाना लागतो. गणपती-दिवाळीच्या गर्दीत जास्तीचे दोन सिलिंडर आणून ठेवणाऱ्यांची ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. घरगुती वापराचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर हॉटेलात वापरणे हा वेगळाच गुन्हा आहे.

अर्जासोबतचे कागद

अर्ज महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडे केला जातो. बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन भरता येतो. एमआयडीसी क्षेत्रात एमआयडीसीचे स्वतःचे अग्निशमन अधिकारी असतात. कागदपत्रांच्या यादीत ठिकाणानुसार थोडा फरक पडत असला, तरी जागेचा मालकीहक्क किंवा नोंदणीकृत भाडेकरार, इमारतीचा भोगवटा दाखला, मंजूर नकाशा, नमुना ‘अ’ आणि एजन्सीच्या परवान्याची प्रत, अग्निशामकांची बिले, व्यावसायिक गॅसजोडणीचा कागद आणि गॅस पाइपलाइनच्या दाब चाचणीचा दाखला एवढे तयार ठेवावे. यासोबत स्वयंपाकघराचा मांडणी नकाशाही जोडावा. त्यात शेगड्या, तळणीची कढई, तंदूर, सिलिंडरची जागा, मुख्य व्हॉल्व्ह, वीजपॅनेल आणि बाहेर पडण्याचे दोन्ही मार्ग दाखवावेत. तपासणीला येणारा अधिकारी हा नकाशा हातात धरूनच फिरतो, आणि नकाशात एका जागी व प्रत्यक्षात दुसऱ्या जागी असलेला व्हॉल्व्ह ही नेहमी आढळणारी त्रुटी आहे.

कोणता अग्निशामक, कुठे

उदाहरणासाठी वडे, भजी आणि तंदुरी पदार्थ करणारे, तळमजल्यावरचे एक मध्यम हॉटेल घेऊ. मागच्या उघड्या पण जाळीबंद जागेत चार सिलिंडर मॅनिफोल्डला, म्हणजे सर्व सिलिंडरचा गॅस एकत्र आणणाऱ्या पाइपला, जोडलेले आहेत, म्हणजे साठा ७६ किलो आहे. आत तीन शेगड्या, पंधरा लिटर तेलाची एक कढई आणि कोळशाचा तंदूर आहे.

अशा हॉटेलात बहुधा लाल रंगाचे दोन एबीसी पावडरचे अग्निशामक टांगलेले असतात आणि मालकाला ते पुरेसे वाटतात. कढईतल्या तेलासाठी ते पुरेसे नाहीत. तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास गेले की ठिणगीशिवाय पेट घेते. पावडर ज्वाळा दाबते, पण तेल थंड करत नाही, म्हणून क्षणभर विझलेली कढई पुन्हा भडकते. कार्बन डायऑक्साइडचेही तेच, शिवाय त्याच्या जोराने तेल उडते. पाणी तर तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत फेकते. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकल अग्निशामक असतो. बाजारात तो ‘के टाइप’ म्हणून मिळतो आणि भारतीय वर्गीकरणात ही आग ‘एफ’ वर्गाची आहे. त्यातले पोटॅशियमचे क्षारयुक्त द्रावण गरम तेलाशी मिसळून साबणासारखा जाड थर तयार करते. हा थर हवा तोडतो आणि द्रावणातले पाणी तेलाची उष्णताही खेचते. एकाच कढईवर आधी वेट केमिकल आणि मग पावडर मारू नये, कारण एबीसी पावडर आम्लधर्मी असते आणि हा थर मोडते.

आपल्या हॉटेलात सहा लिटरचा वेट केमिकल अग्निशामक कढईपासून बाहेर पडण्याच्या दाराकडे, काही पावलांवर टांगावा. कढईच्या मागच्या भिंतीवर टांगल्यास तो घेण्यासाठी आगीवरून हात न्यावा लागेल. वीजपॅनेलजवळ साडेचार किलोचा कार्बन डायऑक्साइड आणि सिलिंडरच्या जागेबाहेर सहा किलोचा एबीसी ठेवावा. नेमकी संख्या क्षेत्रफळ पाहून अधिकारी किंवा एजन्सी ठरवेल. पावडर आणि वेट केमिकलच्या अग्निशामकावर दाबमापक असतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला पाहून कार्डावर सही करावी. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला मापक नसतो. तो वजनावरच कळतो आणि आतल्या वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले तर तो पुन्हा भरून घ्यावा लागतो.

चिमणीचे फिल्टर आणि डक्ट यांतला चिकट थर हे लपलेले इंधनच असते. डक्टमध्ये शिरलेली आग हातातल्या अग्निशामकाने विझत नाही, म्हणून डक्ट साफ केल्याच्या तारखांची नोंद तपासणीत मागितली जाते.

गळतीची रोजची तपासणी

कुर्ल्यातील एका उपाहारगृहात ऑक्टोबर २०१५ मध्ये एलपीजीच्या गळतीतून भडकलेल्या आगीत ८ जणांचा मृत्यू झाला. हवेत एलपीजीचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी मिश्रण पेटू शकते. बंद खोलीत जमिनीलगत हे प्रमाण लवकर गाठले जाते आणि उभ्या माणसाच्या नाकाला वास उशिरा लागतो.

म्हणून सकाळी पहिला येणारा कर्मचारी दिवा किंवा एक्झॉस्ट लावण्याआधी दार उघडून, वाकून वास घेतो, हा नियम कागदावर आणि भिंतीवर असावा. रात्री बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवावा, नळीतला गॅस शेगडीवर जळून जाऊ द्यावा आणि मग शेगडीची चावी बंद करावी. सिलिंडर बदलला की प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर जोड पुन्हा बसवावा. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते; ती ताबडतोब थांबवावी. आठवड्यातून एकदा दाब पाहावा: सर्व शेगड्या बंद ठेवून सिलिंडर उघडावा, मॅनिफोल्डच्या मापकावरचा दाब लिहावा, सिलिंडर बंद करावा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. काटा खाली आला असेल, तर वास येत नसला तरी गळती आहे. एलपीजीचा गॅस डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर लावतात. पाइपचा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा डिटेक्टर छताजवळ लागतो. जोडणी बदलल्यावर डिटेक्टर जुन्याच उंचीवर राहिल्याचे अनेकदा दिसते.

वास आला तर कोणतेही बटण दाबू नये, चालू एक्झॉस्टही बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगड्या आणि बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, दारे उघडावीत आणि ग्राहकांसह सर्वांनी बाहेर पडावे. वीज तोडायची असेल तर इमारतीबाहेरच्या मेनस्विचवरूनच तोडावी. आपल्या उदाहरणातला तंदूर इथे खरी अडचण करतो, कारण कोळसा चावीने विझत नाही. त्यामुळे तिथे गॅस बंद करणे आणि माणसे बाहेर काढणे ही कामे एकाच वेळी, दोन वेगळ्या माणसांनी करायची असतात. फोन बाहेर आल्यावर करावा: एलपीजी गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१ किंवा ११२. गळणारा गॅस पेटलाच असेल, तर पुरवठा बंद करता येत नसताना ज्वाळा विझवू नये. न जळलेला गॅस साचून स्फोट होतो.

कर्मचाऱ्यांचा सराव

अधिकारी आचाऱ्याला किंवा भांडी घासणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारतो: ‘मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, बंद करून दाखव.’ तिथे सगळे मालकाकडे बघू लागले, तर फाइल कितीही नीटनेटकी असली तरी शेरा पडतो. हॉटेलांतले कामगार सतत बदलतात आणि अनेकजण बाहेरच्या राज्यांतून किंवा नेपाळमधून आलेले असतात. म्हणून सराव हिंदीत, तीन महिन्यांतून एकदा आणि नवा माणूस आला की त्याच आठवड्यात घ्यावा.

आपल्या हॉटेलातला सराव असा असावा. संध्याकाळी सातला, शेगड्या चालू असताना व्यवस्थापक ‘कढई पेटली’ म्हणतो. आचारी चावी बंद करतो आणि बाजूच्या खिळ्यावरचे झाकण कढईवर सरकवल्याचे दाखवतो. कढई हलवत नाही. हेल्पर मुख्य व्हॉल्व्हकडे जातो, कॅशियर ग्राहकांना पुढच्या दाराने काढतो आणि एकजण बाहेर हजेरी घेतो. हाक दिल्यापासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंतची सेकंदे मोजून वहीत लिहावीत. पहिल्या सरावात हेल्परच्या वाटेत कांद्याची पोती आडवी आली, तर तेही तिथेच लिहून पोती हलवल्याची तारीख घालावी. त्रुटी आणि दुरुस्ती दोन्ही दाखवणारी वही अधिकाऱ्याला ‘सर्व ठीक’ लिहिलेल्या वहीपेक्षा अधिक खरी वाटते.

दाखला मिळाल्यावर कढईची जागा बदलली, तंदूर वाढवला किंवा सिलिंडरऐवजी पाइपचा गॅस घेतला, तर जुना मांडणी नकाशा चालत नाही. सुधारित नकाशा आणि एजन्सीचे नवे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यावे लागते. पुढच्या जानेवारी किंवा जुलैच्या बी फॉर्मची वाट न पाहता ते बदलासोबतच द्यावे.