बिअर आणि वाइनचे ग्लास धुणे

ग्लासच्या आतल्या काचेवर तेलाचा तवंग, साबणाचा थर, पाण्यातले क्षार किंवा फडक्याचे धागे उरणार नाहीत, अशा रीतीने तो धुण्याची व वाळवण्याची पद्धत. उजेडात धरल्यावर लख्ख दिसणारा ग्लासही या कसोटीला उतरतोच असे नाही, कारण फेस मारणारा साबणाचा थर डोळ्यांना दिसत नाही.

बिअरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येतात, तेव्हा प्रत्येक बुडबुड्याभोवती बार्लीतली प्रथिने आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधली कडू आम्ले गोळा होतात. ती एकमेकांना धरून राहतात आणि लवचिक आवरण तयार होते. म्हणून बिअरचा फेस सोड्याच्या फेसासारखा ओतताच विरत नाही. साबणाचे रेणू प्रथिनांपेक्षा बरेच लहान असतात. ते चटकन पृष्ठभागावर पोचतात, प्रथिनांच्या मधल्या जागा अडवतात आणि आवरणाची वीण सुटते. साबणाच्या पाण्याला फेस येतो, प्रथिनांच्या द्रावणालाही येतो. पण दोन्ही एकत्र आले की आवरण कोणत्याही एकापेक्षा कच्चे राहते. तेलाचा थेंबही आवरणावर पसरून ते फोडतो. फेस गेला की वासही उणावतो, कारण फुटणारे बुडबुडेच हॉप्सचा सुगंध नाकापर्यंत पोचवत असतात.

ग्लास तपासण्याच्या दोन जुन्या रीती बारमध्ये शिकवतात. एक म्हणजे ग्लास पाण्यात बुडवून वर काढणे: काच स्वच्छ असेल तर पाणी अखंड पडद्यासारखे ओघळते, तेलकट असेल तर जागोजागी थेंब धरतात. दुसरी म्हणजे ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरणे: तेलकट जागी मीठ चिकटत नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही फक्त तेल पकडतात. साबणाचा थर पाणी पसरवतो, त्यामुळे साबण उरलेला ग्लास या परीक्षांत उत्तम उत्तीर्ण होतो. डिशवॉशरमध्ये शेवटच्या विसळणीला वापरायचे ‘रिन्स एड’ तर पाण्याचे थेंब धरू नयेत म्हणूनच काचेवर असा थर सोडते. म्हणून पाण्याच्या परीक्षेवर थांबू नये. खरा निकाल बिअर ओतल्यावर लागतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. घरी पाहुण्यांसाठी काढलेले दोन ग्लास आहेत आणि एकाच थंड बाटलीतली बिअर दोन्हींत ओतली आहे. पहिल्यात दोन-तीन सेंटिमीटर फेस उभा राहिला, पण मिनिटभरात बसला. बाजूच्या काचेला बुडबुडे चिकटलेले नाहीत आणि बिअर खाली गेली तशी काच कोरीच राहिली. येथे साबणाचा संशय घ्यावा. दुसऱ्या ग्लासात एका बाजूला बुडबुड्यांचा पुंजका काचेला धरून बसला आहे. काचेवर खडबडीत क्षार, धागा किंवा तेलकट डाग असला की तेथे हवेचा सूक्ष्म अंश अडकतो व त्यावर बुडबुडे वाढत राहतात. चांगल्या ग्लासात यातले काहीच दिसत नाही. फेस जाडसर टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाची एक जाळीदार कडी मागे राहते.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात दोन्ही दोषांचे मूळ बहुधा घासणीत असते. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली, तीच ग्लासात फिरली तर तेल आणि वडीचा साबण एकदमच काचेवर जातात. ग्लाससाठी मऊ स्पंज किंवा बाटलीचा ब्रश वेगळा ठेवणे, हा सगळ्यात परिणामकारक बदल आहे. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा घालून ग्लास आतून घासावा. सोडा तेल सोडवतो आणि साध्या विसळणीने निघून जातो. पातळ क्रिस्टलच्या ग्लासला मात्र खाण्याचा सोडा पुरे. लिपस्टिक काढायला काठाला वासाविरहित द्रव साबणाचा एखादा थेंब चालतो, पण मग कोमट पाण्याने तीन वेळा, आत-बाहेर, पाणी बदलून विसळावे. एकाच भांड्यात सगळे ग्लास बुचकळले तर शेवटचा ग्लास साबणाच्या पाण्यातच विसळला जातो.

बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. ते साबणाने जात नाहीत. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून ग्लास दहा मिनिटे बुडवावा व विसळावा. लिंबाची फोड मात्र काचेवर चोळू नये, सालीतले तेल फेसाला मारक असते.

बिअरचा ग्लास आतून पुसायचाच नाही. जाळीवर उपडा ठेवून निथळू द्यावा. सपाट ओट्यावर किंवा टॉवेलवर उपडा ठेवल्यास आत कोंदट वास धरतो. चेक प्रजासत्ताक आणि बेल्जियममधल्या चांगल्या बारमध्ये ओतण्याच्या क्षणी ग्लास गार पाण्याने पुन्हा विसळतात. ओली, थंड काच फेस एकदम उसळू देत नाही आणि उरलेली धूळही जाते. घरी हे नळाखाली करता येते, आणि माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत हीच कधीही गाळू नये.

स्थिर, म्हणजे बुडबुडे नसलेल्या वाइनला फेसाची चिंता नसते, तेथे प्रश्न वासाचा. लिंबाच्या किंवा फुलांच्या सुगंधाचा साबण काचेला धरून राहतो आणि नाजूक पांढऱ्या वाइनच्या वासावर सहज चढतो. ओतण्याआधी ग्लासात दोन थेंब पाणी फिरवावे, तोंडावर तळहात धरावा आणि मग हुंगावे. ओलाव्याने लपलेला वास वर येतो. खोक्याचा किंवा कपाटाच्या लाकडाचा वासही असाच सापडतो. म्हणून दांडीचे ग्लास कपाटात सुलटे ठेवावेत. इटलीत नव्या ग्लासात आधी त्याच वाइनचा थोडा अंश फिरवून टाकून देतात, त्यालाही कारण हेच.

वाइनचे ग्लास पुसावे लागतात, कारण वाळलेला थेंब क्रिस्टलवर लगेच दिसतो. लिननचे किंवा मायक्रोफायबरचे फडके वापरावे आणि ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, त्याचा थर फडक्यावरून काचेवर येतो. गरम पाण्याच्या वाफेवर ग्लास धरून वाटीचा भाग एका हाताने आतून-बाहेरून पुसावा. एका हातात तळ आणि दुसऱ्यात वाटी धरून पिळले की दांडी मोडते.

शॅम्पेनच्या ग्लासबाबत गोष्ट थोडी उलटी आहे. फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांच्या अभ्यासानुसार तळातून उठणाऱ्या बुडबुड्यांच्या माळा बहुतांशी फडक्यातून किंवा हवेतून आलेल्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात. आतून पूर्ण गुळगुळीत, तंतुहीन काचेत माळा उठतच नाहीत, म्हणून काही कारखाने तळाशी लेझरने मुद्दाम ओरखडे पाडतात. येथे फडक्याने पुसणे चालते. साबण किंवा रिन्स एडचा थर मात्र येथेही काठालगतच्या फेसाची कडी मोडतो.

फेस बसण्याचा दोष दर वेळी ग्लासचा नसतो. तांदूळ किंवा मका जास्त घातलेल्या हलक्या लागर बिअरमध्ये प्रथिने कमी असल्याने फेस मुळातच लवकर विरतो. ओतल्यावर फेस ठीक होता आणि दोन घोटांनंतर ओठ लागलेल्या बाजूने खचत गेला, तर तेल चखण्याच्या शेंगदाण्यांचे किंवा भज्यांचे आहे. अशा वेळी ग्लास पुन्हा न धुता ओठ पुसावेत.