प्रथमोपचार व्याख्यानाची स्लाइड-रूपरेषा

स्वयंसेवकांसमोर प्रथमोपचारावर अर्धा तास बोलायचे असेल, तर कोणत्या स्लाइड घ्यायच्या, त्यांचा क्रम काय आणि प्रत्येकीला किती मिनिटे द्यायची, हे आधी कागदावर ठरवावे लागते. हा आराखडा म्हणजे व्याख्यानाची रूपरेषा. स्लाइड संगणकावर सजवण्याचे काम त्यानंतरचे. कोल्हापुरात अशा व्याख्यानाची योग्य वेळ मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पहिला आठवडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की तालीम-मंडळांच्या कार्यकर्त्यांना बसून ऐकायला सवड उरत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव असलेल्या शहरात श्रोत्यांना विषयाचे महत्त्व पटवण्यात एकही स्लाइड घालवू नये.

रूपरेषेची सुरुवात बहुधा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून होते: भाजणे, अस्थिभंग, फिट, विषबाधा, उष्माघात. अशी यादी केली, की अर्ध्या तासात पंधरा विषय येतात आणि श्रोत्याच्या हाताला एकही लागत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: रुग्णवाहिका येईपर्यंत उशीर परवडणार नाही आणि साध्या माणसाच्या हातून निश्चित काही होईल, असे प्रसंग कोणते? पूरकाळात काम करणाऱ्या गटासाठी याचे उत्तर तीन प्रसंगांवर येते: श्वास थांबलेला माणूस, जोराचा रक्तस्राव आणि सर्पदंश. भाजणे आणि अस्थिभंग हे विषय दुसऱ्या बैठकीला ठेवावेत. ते वगळताना जीव हळहळतो, पण तिथेच रूपरेषेचा कस लागतो.

समजा, एका तालमीच्या सभागृहात ४० कार्यकर्ते आहेत आणि सरावाचे चार पुतळे मिळाले आहेत. तीस मिनिटांची वाटणी अशी करता येते: स्वतःची सुरक्षा आणि १०८ ला फोन यासाठी ३ मिनिटे, श्वास थांबलेल्या माणसासाठी १३, रक्तस्रावासाठी ५, सर्पदंशासाठी ५ आणि प्रश्नांसाठी ४. तेरा मिनिटांतली आठ मिनिटे पुतळ्याच्या छातीवर दाब देण्याच्या सरावाची आहेत. एका पुतळ्यावर दहा जण, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. उरलेली तीन जागा बदलण्यात जातात. हा हिशेब रूपरेषेत लिहून ठेवला नाही, तर पहिल्या रांगेतल्या पाच-सहा जणांचा सराव होतो आणि बाकीचे नुसते बघत राहतात. पुतळे नसतील, तर घट्ट उशीवर हाताची जागा, ठेका आणि सरळ कोपर शिकवता येतात. दाबाची खोली मात्र उशीवर कळत नाही, हे श्रोत्यांना सांगावे. जिवंत माणसाच्या छातीवर हा सराव कधीही करू नये.

सराव मध्यावर ठेवण्यापेक्षा सुरुवातीच्या तीन मिनिटांनंतर लगेच घ्यावा. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार आणि प्रास्ताविक यांत दहा मिनिटे सहज जातात, आणि सराव शेवटी असेल तर कात्री त्यालाच लागते. म्हणून प्रत्येक स्लाइडपुढे घड्याळाची वेळ लिहावी आणि उशीर झाल्यास गाळायच्या स्लाइडवर आधीच खूण करावी. वीस मिनिटेच उरली, तर रक्तस्राव आणि सर्पदंश यांची प्रत्येकी एकच स्लाइड राहते, प्रश्न संपल्यानंतर घेतले जातात, सराव तेवढाच राहतो.

स्लाइडवर विषयाचे नाव लिहू नये, करायची कृती लिहावी. ‘हृदयक्रिया बंद पडणे’ या शीर्षकाने श्रोत्याला काही करता येत नाही. ‘हाक मारा, खांदा हलवा, १० सेकंद छातीकडे पाहा’ याने येते. आचके देत घेतलेला अधूनमधूनचा श्वास हा श्वास चालू असल्याचे लक्षण नाही, ही गोष्ट याच स्लाइडसोबत सांगावी, कारण इथेच फसगत होऊन दाब द्यायला उशीर होतो. पुढची स्लाइड: ‘छातीच्या मधोमध, जोरात आणि जलद दाबा’. प्रौढासाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० सेकंदांच्या सरावात ५० ते ६० दाब मोजले गेले, तर वेग बरोबर आहे. या कृतीचे ‘सीपीआर’ हे नाव कोल्हापुरात स्लाइडवर न घातलेले बरे. शहरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि घाईत ‘सीपीआर द्या’ हे ‘सीपीआरला न्या’ असे ऐकले जाण्याचा धोका आहे.

बुडालेल्या माणसासाठी स्वतंत्र स्लाइड हवी. त्याच्या शरीरात प्राणवायूच कमी पडलेला असतो, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीने आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग ३० दाबांमागे दोन श्वास या प्रमाणात चालू ठेवायचे. अर्ध्या तासात श्वास देणे दाखवता येते, अंगवळणी पाडता येत नाही. ज्याला ते जमत नाही त्याने निदान दाब सुरू करावेत, एवढेच या व्याख्यानाने सांगावे. पोट दाबून पाणी काढण्याची जुनी पद्धत वेळ दवडते आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढवते. ती नको, हे स्पष्ट लिहावे.

रक्तस्राव आणि सर्पदंश या स्लाइड एकमेकांना घोटाळ्यात टाकू शकतात. जखमेवर काही बांधायचे चित्र आधी पाहिले, की पाठोपाठ येणाऱ्या सर्पदंशातही हात दोरीकडे जातो. म्हणून रक्तस्रावाच्या स्लाइडवर ‘दाबा’ हाच शब्द ठेवावा: स्वच्छ कापड, सलग दहा मिनिटे दाब, मध्येच उचलून पाहणे नाही, हळद नाही, रुतलेली वस्तू उपटणे नाही. सर्पदंशाच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ‘बांधू नका, चिरू नका, चोखू नका’ आणि खाली करायची कृती: अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, दंशाचा हातपाय लाकडी पट्टीने स्थिर ठेवा, चालवत नेऊ नका, रुग्णालय गाठा.

इथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे फोटो टाकण्याचा मोह होतो. ती स्लाइड काढून टाकावी. साप ओळखल्याने जागेवरचा प्रथमोपचार बदलत नाही आणि भारतात वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर एकच असते. फोटो दाखवले, की चर्चा बिनविषारी कोणता यावर जाते आणि साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ जातो. त्याऐवजी मण्यारीच्या दंशात वेदना किंवा ठसठशीत खूण नसू शकते, हे एक वाक्य जास्त उपयोगी पडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे जड झाल्या, गिळता येईना, तर दंशाची शंका घ्यायलाच हवी.

मांडणीबाबत दोन खबरदाऱ्या पुरतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून त्याची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. जुन्या फाँटमधली मराठी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलते. आणि पावसात वीज गेली तर बोलणे थांबू नये, म्हणून संपूर्ण रूपरेषा वेळांसह एका कार्डावर उतरलेली असावी. ती एका कार्डावर मावत नसेल, तर विषय अजून जास्त आहेत असे समजावे. आभाराची स्लाइड ठेवू नये. प्रश्नोत्तरे चालू असेपर्यंत पडद्यावर १०८, त्या भागातल्या रुग्णालयाचे नाव आणि फोनवर सांगायच्या तीन गोष्टी राहाव्यात: जवळचा चौक, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का.