शालेय दादागिरीवरची सटीप संदर्भसूची: पात्र अभ्यास, लागणारे कागद आणि नोंदीची मांडणी

एम.एड.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा सादर करताना बरेच मार्गदर्शक आधी सटीप संदर्भसूची मागतात. साधी संदर्भसूची म्हणजे यादी. सटीप सूचीत प्रत्येक संदर्भाखाली दीडशे-दोनशे शब्दांत त्या अभ्यासाची झडती घ्यायची असते. पृष्ठमर्यादा आणि संदर्भशैली तुमचा विभाग ठरवतो, ती तिथूनच घ्या. विषय सहावी ते आठवीतल्या दादागिरी-प्रतिबंध कार्यक्रमांचा असेल, तर पुढचं पाहा.

कोणता अभ्यास पात्र?

पहिली कसोटी वयाची. पुण्यात पाचवी ते दहावीच्या शाळेला सर्रास ‘माध्यमिक’ म्हणतात, पण आपला गट उच्च प्राथमिक, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांचा. परदेशी इयत्ता जशीच्या तशी उचलू नका. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, त्यामुळे तिथला सातवीतला मुलगा आपल्या आठवीतल्या मुलाच्या वयाचा असतो. याच देशातल्या ‘किवा’ कार्यक्रमाची २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी चौथी ते सहावीची आहे आणि तिचे निकाल चांगले आहेत. २०१३च्या निबंधात सातवी ते नववीचे निकाल आले, ते बरेच फिके. ‘किवा यशस्वी ठरला’ एवढंच लिहिणाऱ्याने यातला एकच निबंध वाचलेला असतो.

भारतातला म्हणून बिहारच्या ‘सेहेर’ चाचणीचा मोह होतो. २०१८ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि दादागिरीची मोजणीही तिच्यात आहे. पण मुलं नववीची. ती मुख्य सूचीत बसत नाही. ‘लगतचे अभ्यास’ असा वेगळा गट करून, का वेगळी ठेवली हे एका वाक्यात सांगा.

दुसरी कसोटी: अभ्यासात कार्यक्रम राबवून परिणाम मोजलेला हवा. किती मुलांना त्रास होतो एवढंच सांगणारी पाहणी प्रस्तावनेत वापरा, सूचीत नको.

काय काय जमवायचं?

प्रत्येक नोंदीसाठी पूर्ण निबंध हवा, सारांशावर टीप लिहू नये. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आणि शोधगंगा या दोन जागा आधी पाहा. निबंधासोबत मुलांना दिलेली प्रश्नावलीही मिळवा, कारण सगळी गोम तिथेच असते. शोध घेताना शाळेच्या टप्प्यासाठी फक्त ‘middle school’ टाकलं तर युरोपातले अभ्यास निसटतात, कारण ते लोक या टप्प्याला वेगळं नाव देतात:

```
bullying AND (prevention OR intervention)
AND ("middle school" OR "lower secondary")
```

कुठे, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून शोधलं याची वही ठेवा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

एक नोंद लिहून पाहू

अमेरिकेतल्या ‘सेकंड स्टेप’ कार्यक्रमावर एस्पलाज आणि सहकाऱ्यांचा २०१३चा निबंध घ्या. एका सूचीत मी त्याची टीप वाचली होती: ‘या कार्यक्रमामुळे दादागिरी ४२ टक्क्यांनी घटली.’ आकडा निबंधातलाच, अर्थ चुकीचा. टीप अशी हवी होती:

‘३६ शाळांतल्या सहावीच्या मुलांवर चाचणी. शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक. एका वर्षानंतर कार्यक्रम झालेल्या शाळांतल्या मुलांनी मारामारी केल्याचं सांगण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी कमी दिसली. मात्र शाब्दिक छळ, वाळीत टाकणं आणि इतरांकडून होणारा त्रास यांत लक्षणीय फरक आढळला नाही. सगळी माहिती मुलांनी स्वतः दिलेली. निष्कर्ष पहिल्या वर्षापुरता.’

यानंतर दोन वाक्यं आपल्या कामाशी जोडणारी. उदाहरणार्थ: पुण्यातल्या वर्गात टोपणनावं, जातीवरून टोमणे, डब्याला न बसवणं हाच तुमचा विषय असेल, तर या चाचणीचं यश तुमच्या कामाचं नाही, तिचं अपयश मात्र आहे.

क्रमही असाच ठेवा: कोणावर, विभागणी कशी, काय मोजलं, काय बदललं, काय बदललं नाही, आणि शेवटी आपल्याला त्याचं काय. ‘काय बदललं नाही’ हा रकाना रिकामा राहिला, तर निकालाचे तक्ते असलेली पानं पुन्हा उघडा.

मांडणी

गट दोन-तीनच करा आणि गटाच्या आत लेखकाच्या आडनावाने लावा. एकत्रित विश्लेषणं पहिल्या गटात घ्या. टोफी आणि फॅरिंग्टन यांच्या २०११च्या विश्लेषणात दादागिरी सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झालेली दिसते. येगर आणि सहकाऱ्यांचं २०१५चं विश्लेषण मात्र आठवीच्या आसपास परिणाम ओसरत जातो असं सांगतं. हे दोन्ही सूचीत शेजारी ठेवा आणि दुसऱ्याच्या टिपेत पहिल्याचा उल्लेख करा. एकत्रित विश्लेषणात आलेली चाचणी खाली स्वतंत्रपणे घेतली असेल, तर तसं नोंदवा, नाहीतर एकच पुरावा दोनदा मोजला जातो.