श्रीखंडातली कणी: साखरेची की चक्क्याची?

पाडव्याच्या दुपारी नात्यातल्या ग्रुपवर हमखास एक फोटो येतो, "श्रीखंड रवाळ झालंय, काय करू?" खाली सल्ले सुरू: अजून फेट, मिक्सरला लाव. कणी कुठली आहे, हे कुणी विचारतच नाही. कणी दोन जातींची असते आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

साखरेची कणी दाताखाली करकरते आणि जिभेवर विरघळते. चक्क्याची कणी मऊ असते, चावली की चपटी होते, पण विरघळत नाही. तरी शंका असेल तर चमचाभर श्रीखंड वाटीभर पाण्यात ढवळा. साखर नाहीशी होते, चक्क्याचे पांढरे कण तळाशी बसतात.

साखरेच्या कणीला फक्त वेळ द्यायचा. चक्क्यात साखर कालवून दोनेक तास झाकून ठेवा, ती विरते. विकतची पिठीसाखर मी वापरत नाही. तिच्यात बऱ्याचदा कॉर्नस्टार्च असतो आणि तो जिभेला कळतो.

चक्क्याची कणी मात्र कितीही थांबलात तरी जात नाही. ती दही आंबट झाल्याने येते, दूध गरम असताना विरजण लावल्याने येते, किंवा पुरचुंडी एकाच बाजूने सुकल्याने. फडक्याला चिकटलेला थर कोरडा आणि मधला गाभा ओला, हे एकत्र कालवलं की कोरड्या थराच्या गुठळ्या तशाच राहतात. म्हणून मी अर्ध्या वेळेत फडकं उघडून चक्का उलथापालथा करते. आणि साखर मुरल्यावर सगळं पुरणयंत्रातून काढते. आधी नाही, नंतर.

गेल्या वर्षी पुरचुंडी दुपारपर्यंत बाहेर नळाला लटकत राहिली. चक्का घट्ट झाला, पण आंबट आणि दाणेदार. पुरणयंत्रातून दोनदा काढल्यावर कणी गेली, आंबटपणा राहिला. तेव्हापासून दोनेक तास बाहेर, मग चाळणीत ठेवून खाली पातेलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये.

पातळ होण्याचं कारण सोपं आहे. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे कालवल्यावर तो सैल होणारच. चक्का फडक्याला न चिकटता सुटला आणि बोट दाबल्यावर खळगा कोरडा राहिला, तरच साखर घाला. लिटरभर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साधारण चारशे ग्रॅम चक्का निघतो. त्याला तीनशे ग्रॅम साखर मला पुरते; बरोबरीने घालायची जुनी पद्धत आंबट चक्क्यासाठी ठीक. पण वजन चक्क्याचं करायचं, दह्याचं नाही.

मिक्सरला लावाल तर कणी जाईल, पण चक्का पातळ होईल आणि वाटीतून श्रीखंड प्यावं लागेल.