पुनरावृत्त मुळे ओळखणे (बहुपदी आणि तिचा अवकलज यांचा मसावि)

एखाद्या बहुपदीचे एखादे मूळ दोन किंवा अधिक वेळा येते का, हे मुळे न काढताच सांगता येते. त्यासाठी बहुपदी आणि तिचा अवकलज यांचा महत्तम साधारण विभाजक, म्हणजे मसावि, काढायचा. मसावि निव्वळ स्थिरांक आला तर सगळी मुळे वेगवेगळी आहेत. त्यात x उरला तर पुनरावृत्ती आहे, आणि कोणती मुळे पुनरावृत्त आहेत हेही त्या मसावितच दडलेले असते.

कारण गुणाकाराच्या अवकलनाच्या नियमातच आहे. a हे मूळ m वेळा येत असेल तर f = (x − a)^m · g असे लिहिता येते, आणि इथे g(a) शून्य नसते. अवकलन केल्यावर

f′ = (x − a)^(m−1) · [m·g + (x − a)·g′]

मिळते. x = a ठेवल्यावर कंसाची किंमत m·g(a) होते, आणि तीही शून्य नसते. म्हणजे अवकलज घेतला की प्रत्येक मुळाची पुनरावृत्ती बरोबर एकाने घटते. एकदाच येणारे मूळ f′ मधून नाहीसे होते, तीनदा येणारे दोनदा उरते. उदाहरणार्थ, (x − 1)³(x + 2) या बहुपदीचा मसावि (x − 1)² येतो.

आता ज्या बहुपदीकडे नुसते पाहून काही कळत नाही अशी एक घेऊ:

f = x⁴ − 2x³ − x² + 2x + 1

परिमेय मूळ असेलच तर ते 1 किंवा −1 असायला हवे, पण दोन्हींसाठी f ची किंमत 1 येते. तो मार्ग इथेच बंद होतो. अवकलज आहे 4x³ − 6x² − 2x + 2. मसाविच्या दृष्टीने स्थिर गुणकाला महत्त्व नसते, म्हणून 2 काढून h = 2x³ − 3x² − x + 1 घेऊ. अपूर्णांक टाळण्यासाठी f ला 4 ने गुणून h ने भागले, की भागाकार 2x − 1 आणि बाकी −5x² + 5x + 5 येते. −5 बाजूला काढला की उरते x² − x − 1. याने h ला भागल्यास भाग पूर्ण जातो, बाकी शून्य. म्हणून मसावि x² − x − 1, आणि f म्हणजे त्याचाच वर्ग. (1 ± √5)/2 ही दोन्ही मुळे दुहेरी आहेत. दोन भागाकारांत काम झाले, वर्गमूळ लागले ते फक्त शेवटी.

f ला या मसाविने भागले की तीच मुळे असलेली, पण प्रत्येक मूळ एकदाच असलेली बहुपदी मिळते. मोठ्या बहुपदीचे अवयव पाडण्याआधी संगणकी बीजगणितात सहसा ही सफाई आधी केली जाते.

ही कल्पना कलनशास्त्रापेक्षा जुनी आहे, हे जरा गमतीचे. योहान हुडे या डच गणितज्ञाचा नियम 1659 मध्ये देकार्तच्या भूमितीच्या लॅटिन आवृत्तीसोबत छापला गेला. (हुडे पुढे ॲमस्टरडॅमचा महापौरही झाला.) नियम असा: सहगुणकांना अंकगणिती श्रेढीतल्या पदांनी ओळीने गुणा, दुहेरी मूळ नव्या बहुपदीचेही मूळ असते. वरच्या f साठी 4, 3, 2, 1, 0 घेतले तर 4x⁴ − 6x³ − 2x² + 2x मिळते, आणि ते म्हणजे x·f′ च.

पद्धत फसते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण दशांशातले सहगुणक. f मधले स्थिर पद 1 ऐवजी 0.9999 केले तर f = (x² − x − 1.01)(x² − x − 0.99) होते. 1.618 जवळचे दुहेरी मूळ फुटून 1.6225 आणि 1.6136 च्या आसपास दोन मुळे होतात. दुसऱ्या भागाकाराची बाकी शून्याऐवजी −0.00016x + 0.00008 येते आणि पुढच्या भागाकारात नुसता स्थिरांक उरतो, म्हणून काटेकोर उत्तर "पुनरावृत्ती नाही" असे, आणि ते बरोबरच आहे. पण 0.9999 हा मोजमापातून आलेला आकडा असेल, तर ती बाकी खरी की चुकीतून आलेली हे भागाकार सांगू शकत नाही. सहगुणक पूर्णांक किंवा परिमेय असतील तरच निकालावर निर्धास्तपणे विसंबावे.

दुसरे ठिकाण सांत क्षेत्रे, म्हणजे मोजक्याच संख्यांच्या व्यवस्था; मापांक 2 ने पाहिले तर फक्त 0 आणि 1 या बाक्या उरतात. तिथे m·g(a) मधला m च शून्य होऊ शकतो. हीच f मापांक 2 ने पाहिली तर x⁴ + x² + 1 उरते आणि तिचा अवकलज पूर्ण शून्य होतो. मग मसावि f स्वतःच, आणि f ला त्याने भागले की हाती फक्त 1 येतो. पुनरावृत्ती आहे एवढे कळते, मुळे मात्र हरवतात. अशा वेळी f मधले x चे सगळे घात 2 ने विभाज्य असतात, म्हणून मापांक 2 ने f पूर्ण वर्ग असते: (x² + x + 1)². ते वर्गमूळ घ्यायचे आणि त्याच्यावर मसाविची क्रिया पुन्हा करायची. मापांक 2 ऐवजी p ही अविभाज्य संख्या असेल तर घात p ने विभाज्य असतात आणि p वे मूळ घ्यावे लागते.